कपाटामागची भिंत : जुन्या इमारतीतली भयकथा कशी उभी राहते

एक तरुण जोडपं जुन्या इमारतीत रिकामं झालेलं बिऱ्हाड बघायला आलं आहे. आधीची भाडेकरू, नव्वदीच्या घरातली एक बाई, नुकतीच वारली आहे. तिचं सामान अजून खोल्यांतच आहे. एजंट स्वयंपाकघर दाखवतो, झोपायची खोली दाखवतो आणि बोळात येऊन थबकतो. तिथे भिंतीला लागून एक अवजड लिहायचं टेबल उभं आहे. त्याच्या आठवणीप्रमाणे त्या जागी कपाट असायला हवं. तो आणि नवरा मिळून टेबल बाजूला सरकवतात. मागे खरंच कपाट निघतं आणि त्यात काही टॉवेल आणि व्हॅक्यूम क्लीनर. एवढंच. एवढ्या वयाच्या बाईने एवढं जड टेबल सरकवलं कसं आणि नेहमी लागणाऱ्या वस्तूंचं कपाट असं बंद केलं कशासाठी, हा प्रश्न हवेत राहतो. उत्तर कुणाकडेच नसतं. म्हातारपणी माणसं काहीही करतात, असं म्हणून तिघं पुढच्या खोलीत जातात.

आयरा लेव्हिन या अमेरिकी लेखकाच्या १९६७ सालच्या ‘रोझमेरीज् बेबी’ या कादंबरीच्या सुरुवातीचा हा प्रसंग. रोमन पोलन्स्की यांनी १९६८ साली त्यावर केलेल्या चित्रपटातही तो जवळजवळ तसाच आहे. गोष्ट न्यूयॉर्कमधल्या ‘ब्रॅमफर्ड’ नावाच्या काल्पनिक इमारतीत घडते. चित्रपटात बाहेरून जी इमारत दिसते ती डकोटा. सेंट्रल पार्कच्या कडेला १८८४ पासून उभी असलेली ही वास्तू आजही तिथे आहे. आतली घरं मात्र स्टुडिओत बांधलेली होती.

जुन्या इमारतीत घडणारी भयकथा वातावरणाच्या आणि संयमाच्या बळावर कशी उभी करायची, हे समजून घ्यायला या कलाकृतीइतका चांगला धडा मला माहीत नाही. तो उलगडायचा तर कथेचं रहस्य सांगावंच लागेल, आणि ते मी पुढे सांगणार आहे.

दोन हिशेब

या कथेचं सगळं यश एका शिस्तीत आहे. तिच्यात जे जे घडतं, त्याचे दोन हिशेब लागतात. पहिला साधा, घरगुती, रोजच्या व्यवहारातला. दुसरा भयंकर. लेखक दुसऱ्या हिशेबाकडे बोट दाखवत नाही आणि पहिला कधी खोडूनही टाकत नाही. शेवटच्या काही पानांपर्यंत दोन्ही हिशेब शेजारीशेजारी चालू राहतात. वाचकाला भीती वाटते ती दुसरा खरा आहे म्हणून नव्हे. पहिला रोज थोडा थोडा अपुरा पडत चाललाय हे त्याला जाणवतं, त्याची ती भीती असते.

कथानक थोडक्यात असं. रोझमेरी आणि तिचा नट नवरा गाय ब्रॅमफर्डमध्ये राहायला येतात. शेजारी कॅस्टेव्हेट नावाचं वयस्कर जोडपं राहतं. बाई, मिनी, जरा जास्तच मायाळू आणि चौकस आहे. रोझमेरीला दिवस जातात. शेजारीण तिच्यासाठी रोज कसलंसं पेय करून आणते, डॉक्टरही सुचवते. नवऱ्याचं नशीब एकाएकी फळफळतं. रोझमेरीला हळूहळू संशय येऊ लागतो की शेजारी सैतानपूजक आहेत, नवरा त्यांना सामील आहे आणि सगळ्यांचा डोळा तिच्या बाळावर आहे.

एवढ्या सारांशावरून ही कथा भडक वाटेल. वाचताना ती तशी वाटत नाही, याचं कारण प्रत्येक टप्प्यावर साधा हिशेब शाबूत ठेवलेला आहे. लेव्हिन यांनी त्यासाठी खऱ्या वर्तमानपत्रांचा आधार घेतला. पोप सहावे पॉल ४ ऑक्टोबर १९६५ रोजी न्यूयॉर्कला आले होते. कादंबरीतली सर्वांत अघोरी रात्र नेमकी तीच आहे आणि त्या रात्री घराघरांतल्या टीव्हीवर पोपचं दर्शन चालू आहे. वाचकाच्या स्वतःच्या आठवणीतल्या तारखांमध्ये अशक्य गोष्ट अशी अलगद नेऊन ठेवली की ती नाकारणं अवघड होतं.

इमारत काय काय देते

भयकथेला जुनी इमारत लागते ती अंधारासाठी आणि जाळ्याजळमटांसाठी, असा एक समज आहे. ब्रॅमफर्डमधलं रोझमेरीचं घर मात्र उजेडाचं आहे. ती तिथले काळपट रंग काढून टाकते, भिंती पांढऱ्या आणि पिवळ्या करते, नवे पडदे लावते. चित्रपटातले कितीतरी अस्वस्थ करणारे प्रसंग भर दिवसा, या लख्ख खोल्यांमध्ये घडतात. जुन्या इमारतीने लेखकाला दिलेली खरी देणगी वेगळीच आहे. ती म्हणजे घराचा पूर्वेतिहास.

ब्रॅमफर्डमधली घरं मुळात मोठी होती. पुढे त्यांची वाटणी करून लहान घरं काढली गेली. रोझमेरीचं घर आणि कॅस्टेव्हेटांचं घर हे एकाच मोठ्या घराचे दोन तुकडे आहेत. या एका वास्तुशास्त्रीय तपशिलातून सगळी कथा निघते. मधली भिंत नंतर घातलेली आहे, म्हणून पलीकडचे आवाज ऐकू येतात. आणि घर एकेकाळी एकच होतं, म्हणून कधीकाळी इकडून तिकडे जायला वाट असणारच.

त्या भिंतीचा वापर कसा केलाय ते जवळून पाहण्यासारखं आहे. मिनी आपल्याला दिसण्याच्या आधी ऐकू येते. तिचा खरखरीत आवाज भिंतीतून येतो आणि ती नवऱ्याला घरातल्या कुठल्यातरी फुटकळ गोष्टीसाठी हाक मारत असते. रोझमेरी आणि गाय हसतात, आपणही हसतो. भिंत पातळ आहे ही माहिती आपण विनोद म्हणून घेतो.

नंतर कॅस्टेव्हेटांनी घरी ठेवून घेतलेली एक मुलगी खिडकीतून पडून मरते. ही मुलगी रोझमेरीला तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत भेटलेली होती. दोघींनाही त्या तळघरात एकटीने जायला नको वाटायचं, म्हणून जोडीने जायचं ठरलं होतं. मुलगी गेली त्या रात्री रोझमेरी अर्धवट झोपेत असताना भिंतीपलीकडे मिनी नवऱ्यावर चिडून बोलत असते. हिला आधीच सगळं सांगायला नको होतं, असा त्या बोलण्याचा रोख असतो. पण रोझमेरीच्या स्वप्नात तो आवाज तिच्या लहानपणीच्या शाळेतल्या ननच्या तोंडी जातो. म्हणजे कटाचा जवळजवळ कबुलीजबाब लेखकाने आपल्या कानावर घातला आहे, फक्त तो स्वप्नाच्या गडबडीत घातला आहे. आपण ऐकतो आणि सोडून देतो. तिसऱ्यांदा त्याच भिंतीतून मंत्रासारखं सामूहिक गुणगुणणं आणि बासरीसारखं वाद्य ऐकू येतं. त्यालाही साधा हिशेब आहेच. शेजाऱ्यांकडे माणसं जमली असतील.

एकच भिंत, तीन आवाज. पहिला हसवतो, दुसरा निसटून जातो, तिसरा खटकतो. लेखकाने भिंतीत नवं काहीही आणलेलं नाही. ती पातळ आहे हे पहिल्यांदाच सांगून झालं होतं. जुन्या इमारतीतल्या कथेत वातावरण तयार होतं ते अशा पुन्हा पुन्हा वापरलेल्या एका वस्तूतून. दहा वेगवेगळ्या गूढ वस्तू मांडल्या तर वाचक त्या नुसत्या मोजत बसतो. एकच वस्तू तीनदा आली आणि दर वेळी किंचित बदलली, की त्याचे कान तिथेच लागून राहतात.

इमारतीबद्दलच्या अफवांचं काय करायचं, हेही इथे शिकण्यासारखं आहे. जुनी वास्तू म्हटली की तिच्या दंतकथा आल्याच. रोझमेरीचा एक वडीलधारा मित्र अगदी सुरुवातीलाच जेवता जेवता त्या सगळ्या सांगून टाकतो. इथे नरमांस खाणाऱ्या बहिणी राहत होत्या, सैतानाला बोलावल्याचा दावा करणारा एक जण राहत होता, तळघरात कागदात गुंडाळलेलं मेलेलं अर्भक सापडलं होतं. गाय थट्टेवारी नेतो. भयकथेचं सगळं पारंपरिक सामान पहिल्या काही पानांतच थट्टेत खर्ची पडतं. त्यामुळे पुढे जेव्हा शेजारीण हातात पेला घेऊन दारात उभी राहते, तेव्हा वाचक दंतकथांची वाट बघत नसतो. तो त्या पेल्याकडे बघत असतो.

चौकटीआडची पाठ

संयम म्हणजे कमी दाखवणं, हे सगळेच सांगतात. पण कमी म्हणजे किती आणि नेमकं काय झाकायचं, हा खरा प्रश्न आहे. या चित्रपटाचे छायालेखक विल्यम फ्रेकर यांनी सांगितलेली एक हकिकत त्याचं उत्तर देते. रोझमेरीला दिवस गेल्याचं कळल्यावर मिनी झोपायच्या खोलीत जाऊन फोन करते, असा प्रसंग आहे. फ्रेकर यांनी कॅमेरा असा लावला की दारातून पलंगावर बसलेली मिनी नीट दिसेल. पोलन्स्कींनी तो हलवायला लावला. आता दाराच्या चौकटीमुळे मिनीचा चेहरा झाकला गेला, दिसत होती ती जेमतेम तिची पाठ. फ्रेकर यांना त्याचं कारण कळेना. ते कळलं चित्रपटगृहात. तो प्रसंग आला तेव्हा चौकटीपलीकडे डोकावता यावं म्हणून प्रेक्षकांनी माना कलत्या केल्या.

या प्रसंगात झाकलेली गोष्ट क्षुल्लक आहे. एक म्हातारी फोनवर बोलतेय. तिच्या हातात सुरी नाही, चेहऱ्यावर क्रौर्य नाही. पण आपल्याला पूर्ण दिसत नाही म्हणून आपण स्वतःहून पुढे सरकतो, आणि पुढे सरकलेला माणूस घाबरायला तयार झालेला असतो. मात्र काय झाकलंय याची दिशा प्रेक्षकाला माहीत असली पाहिजे. दार दिसतं, पलंगाचा कोपरा दिसतो, पाठ दिसते. संपूर्ण अंधार असता तर कुणी मान वळवली नसती.

असाच आणखी एक प्रसंग पुढे येतो. रोझमेरीने घाबरून घराचं दार आतून लावून घेतलं आहे, साखळीही घातली आहे. ती मैत्रिणीला फोन लावतेय. तिच्या पाठीमागे, बोळाच्या टोकाला, दोन माणसं चवड्यांवर चालत एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातात. संगीत दचकवत नाही, कॅमेरा त्यांच्याकडे धावत नाही. काही प्रेक्षकांच्या ती नजरेतूनही सुटतात. दार बंद असताना ती आली कुठून? ज्याला सुरुवातीचं कपाट आठवतं, त्याला उत्तर मिळतं. जड टेबल त्या कपाटापुढे कशासाठी सरकवलं होतं, हेही त्याच क्षणी कळतं. म्हातारी भाडेकरू कपाटात काही ठेवत नव्हती, तिथून येणाऱ्याला अडवत होती. बाळंतपणानंतर रोझमेरी त्याच कपाटातले फळे काढून, मागची फळी उघडून पलीकडच्या घरात शिरते.

पहिल्या प्रसंगात पेरलेली गोष्ट शेवटी उगवते, हे कुठल्याही चांगल्या रहस्यकथेत असतं. इथे कौतुक आहे ते पेरण्याच्या पद्धतीचं. कपाट विचित्र आहे असं कुणी म्हणालं नाही. फक्त एक टेबल चुकीच्या जागी होतं.

ती घर सोडून का जात नाही?

जुन्या घरातल्या भयकथा बहुतेक वेळा या प्रश्नावर कोसळतात. इतकं सगळं होतंय तर बाई निघून का जात नाही? लेव्हिन यांनी याचं उत्तर पहिल्याच पानांत देऊन ठेवलं. ब्रॅमफर्डमध्ये घर मिळतंय हे कळलं तेव्हा या जोडप्याने दुसरीकडे एका नव्या, पांढऱ्या इमारतीत करार केलेला होता. तो मोडायला त्यांनी खोटी सबब सांगितली. हवंसं घर धडपडून मिळवल्यावर त्यातली खोट मान्य करणं कुणालाही जड जातं. पुढे गर्भारपण येतं, त्यासोबत डॉक्टरवरचं अवलंबन येतं आणि नवऱ्याचं काम जमू लागतं. घराला कुलूप लागत नाही, पण बाहेर पडण्याचं प्रत्येक कारण थोडंथोडं बोथट होत जातं.

यातलं सर्वांत हुशार वळण रोझमेरीच्या दुखण्याचं आहे. तिला महिनोनमहिने पोटात कळा येतात. डॉक्टर म्हणतात, थांबेल एक-दोन दिवसांत. एका पार्टीत मैत्रिणी तिला स्वयंपाकघरात नेऊन सांगतात की असं दुखणं बरं नव्हे, दुसरा डॉक्टर बघ. ती हट्टाला पेटते, नवऱ्याशी भांडते. आणि नेमक्या त्या क्षणी दुखणं थांबतं. पोटात बाळ हलतं. ती आनंदाने रडते. संशय शिगेला पोचला असताना साधा हिशेब पुन्हा जिंकला. आपणही सुटकेचा श्वास टाकतो आणि त्या सुटकेबरोबर आपण तिला आणखी काही महिने त्या घरात राहायला संमती दिलेली असते.

साधा हिशेब म्हणजे दिलासा, असंही इथे नाही. त्या अघोरी रात्रीनंतर सकाळी रोझमेरीच्या अंगावर ओरखडे दिसतात. गाय सांगतो की ते त्याच्या नखांचे आहेत, ती शुद्धीत नसताना त्याने संबंध ठेवला. हे घरगुती स्पष्टीकरण सैतानाइतकंच किळसवाणं आहे. भयकथा खोल जाते ती अशा ठिकाणी. भूत खोटं ठरलं तरी वाचकाची सुटका होत नाही.

शेवटी रोझमेरी पळून आपल्या पहिल्या डॉक्टरकडे जाते आणि त्याला सगळं सांगते. तो शांतपणे ऐकतो, तिला आडवं व्हायला सांगतो आणि तिच्या नवऱ्याला व त्या दुसऱ्या डॉक्टरला बोलावून घेतो. तो दुष्ट नाही. त्याने फक्त दोन हिशेबांपैकी जास्त पटणारा निवडला, जो आपण इतका वेळ निवडत होतो. पोलन्स्की यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की ते स्वतः अश्रद्ध असल्यामुळे, हे सगळं रोझमेरीच्या मनाचे खेळ असू शकतील अशी वाट त्यांनी चित्रपटात मोकळी ठेवली. म्हणूनच कादंबरीत बाळाचं वर्णन आहे आणि चित्रपटात बाळ नाही. पाळण्यात वाकून बघणाऱ्या आईचा चेहरा आहे.

गिरगावातली एक खोली

हीच शिस्त आपल्याकडच्या इमारतीत कशी चालेल, ते करून पाहू. मराठीत भयकथेचा वारसा मोठा आहे. नारायण धारपांनी ती वाड्यांतून आणि आडगावांतून रंगवली, रत्नाकर मतकरींनी मध्यमवर्गी शहरी घरात आणून बसवली. मुंबईतल्या जुन्या इमारतींकडे या कथेसाठी लागणारं सगळं आहे. सामाईक गॅलरी, लाकडी जिना, खोल्यांमधल्या नंतर घातलेल्या भिंती, ठरावीक वेळेला येणारं पाणी. आणि घर न सोडण्याचं कारणही तयार आहे. १९४० पूर्वीच्या कितीतरी उपकरप्राप्त इमारती लाकडी टेकूंवर उभ्या आहेत. पावसाळ्याआधी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं, आणि तरी माणसं जागा सोडत नाहीत. एकदा बाहेर पडलो तर पागडीची खोली हातची जाईल, संक्रमण शिबिरात वर्षं निघतील, ही भीती त्यांना छत कोसळण्याच्या भीतीहून मोठी वाटते.

समजा, अनघा आणि तिचा नवरा गिरगावात मावशीच्या खोलीत राहायला आले आहेत. मावशी वारली आहे. पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत, म्हणून खोलीत कुणीतरी राहणं गरजेचं आहे. शेजारची खोली कित्येक महिने बंद, बाहेर कुलूप. पाणी पहाटे साडेपाच ते साडेसहा.

आता आपल्याला एकच वस्तू निवडायची आहे. मी मोरीतला नळ निवडतो. पहिल्या आठवड्यात अनघाला पाण्याच्या वेळी भिंतीपलीकडे बादली भरल्याचा आवाज येतो. नवरा म्हणतो, पाइप एकच आहे, चार खोल्यांचे आवाज इकडे येतात. हे खरंही आहे. दुसऱ्यांदा ती समोरच्या काकूंना विचारते. त्या सांगतात, कुणीतरी नळ उघडा ठेवून गेलं असेल, पाणी आलं की वाहणारच. हेही पटतं. तिसरा प्रसंग कसा लिहायचा, इथे कथेचं नशीब ठरतं. एक पद्धत ही :

‘पहाटेच्या भयाण शांततेत बंद खोलीतून एक गूढ आवाज आला. अनघाच्या अंगावर सर्रकन काटा आला. कुणीतरी होतं तिथे! थरथरत्या हाताने तिने भिंतीला कान लावला आणि पलीकडून एक खोल निःश्वास ऐकू आला.’

आणि दुसरी ही :

‘अनघाने आपला नळ बंद केला. पलीकडे बादली भरत होती. पाण्याचा आवाज चढत चढत बारीक झाला, काठाशी आला आणि थांबला. मग दुसरी बादली लागली. अनघाने भिंतीवरचा हात काढला आणि चहाचं आधण ठेवलं.’

पहिल्या उताऱ्यात सगळी विशेषणं वाचकाला घाबरायला सांगतायत, म्हणून तो घाबरत नाही. दुसऱ्यात एकही भीतिदायक शब्द नाही. पण बादली भरत आली की तिच्यातली हवेची जागा कमी होते आणि आवाज चढतो, हे नळाखाली बादली लावलेल्या प्रत्येकाच्या कानाला ठाऊक आहे. उघडा राहिलेला नळ वाहत राहील, तो बादली भरल्यावर थांबणार नाही. आणि दुसरी बादली तर लावावीच लागते. हा तर्क कथेत लिहिलेला नाही. वाचक तो स्वतः करतो, त्यामुळे तो खोडून काढायलाही कथेत कुणी नसतं. अनघा चहा ठेवते, कारण पहाटे पावणेसहाला माणूस तेच करेल. तिला कळलंय की नाही, हे आपण तिच्या हातांवरून ओळखायचं.

चौथा आणि शेवटचा प्रसंग इमारतीच्या व्यवहारातून यायला हवा. पाण्याचं बिल इमारतीत माणशी वाटून घेतात, असं आपण ठरवू आणि ते पहिल्याच पानावर सांगून ठेवू. महिन्याअखेरीला वर्गणी मागायला आलेला माणूस अनघाच्या दारात वही उघडतो. बंद खोलीपुढे एक माणूस लिहिलेलं असतं आणि पैसे भरल्याची खूणही. ती विचारते, कोण भरतं? तो म्हणतो, दर महिन्याला तुमच्या मावशीच भरायच्या. त्या गेल्यावर मी तुमच्या नावावर धरलेत. साधा हिशेब अजूनही लागतो. मावशीचे शेजारणीशी घरोब्याचे संबंध असतील, खोलीचा हक्क राहावा म्हणून ती भरत असेल. पण आता ती जबाबदारी अनघाकडे आली आहे, आणि पुनर्विकास होईपर्यंत तिला तिथून हलता येणार नाही. इथे थांबावं. दार उघडू नये.

कुठे चुकतं

अशी कथा फसते ती बहुधा तीन ठिकाणी. लेखकाला वाटतं वाचकाला कळलं नसेल, म्हणून तो चौथ्या प्रसंगानंतर पाचवा, खुलासा करणारा प्रसंग जोडतो. शेजारी कुणीतरी बुडून मेलं होतं, असं काकू सांगून टाकतात आणि आधीचे चारही प्रसंग त्या खुलाशाचे नोकर होऊन बसतात. दुसरी चूक याच्या उलट. संयमाच्या नावाखाली काही घडूच दिलं जात नाही, नुसतं वातावरण वाहत राहतं. प्रत्येक प्रसंगानंतर साध्या हिशेबाची जागा किंचित तरी आक्रसली पाहिजे. तशी ती आक्रसत नसेल तर तो प्रसंग कितीही सुंदर असला तरी काढून टाकावा. तिसरी चूक म्हणजे साधं स्पष्टीकरण मुद्दाम कच्चं ठेवणं. ‘मांजर असेल’ हे वाक्य कथेत आलं की मांजर नाही हे वाचक लगेच ओळखतो. नवऱ्याचं पाइपबद्दलचं बोलणं खरोखर बरोबर असलं पाहिजे, इतकं की वाचकानेही तेच उत्तर दिलं असतं.

हे तपासायचा एक खात्रीचा उपाय आहे. कथा लिहून झाल्यावर प्रत्येक प्रसंग दोनदा वाचावा. एकदा, या इमारतीत काहीही अमानवी नाही असं पक्कं धरून. एकदा, आहे असं धरून. पहिल्या वाचनात जिथे अडायला होतं, तिथे आपण घाईने खुलासा केलेला असतो. दुसऱ्या वाचनात जिथे कंटाळा येतो, तिथे नुसती सजावट झालेली असते. दोन्ही वाचनं शेवटच्या पानापर्यंत न अडखळता गेली आणि तरी पहिलं वाचन संपताना एखादी गोष्ट हिशेबात बसेना, तर कथा झाली. ती एकच गोष्ट शिल्लक ठेवण्यासाठी बाकी सगळा संयम असतो.